फोटोतला बेडूक की भेक?

जूनचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की रात्री अंगणातल्या दिव्याखाली, जिन्याच्या पायरीवर किंवा कुंड्यांच्या मागे एखादा ओबडधोबड प्राणी येऊन बसतो. दिव्याभोवती जमलेले किडे त्याला हवे असतात. घरातले कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढते आणि सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या गटात टाकते. सोबत प्रश्न असतो, हा बेडूक की टोड? विषारी आहे का? उत्तरे भराभर येतात. कुणी रंगावरून सांगतो, कुणी आकारावरून, कुणी गावाकडे काय म्हणतात त्यावरून. बहुतेक उत्तरे अंदाजाची असतात, आणि त्यांतली बरीच चुकतात.

खरे तर बऱ्यापैकी स्वच्छ फोटो हाती असेल तर या प्रश्नाचे उत्तर खात्रीने देता येते. पाहायच्या जागा तीन आहेत : अंगाची कातडी, मागचे पाय आणि डोळ्यांच्या लगेच मागचा भाग. मात्र या तिन्ही खुणांचे वजन सारखे नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. कातडी आणि पाय पाहून तो प्राणी कुठे राहतो, कसा हालचाल करतो याचा अंदाज येतो. डोळ्यामागची जागा तो कोणत्या कुळातला आहे ते सांगते. दोन्हींची उत्तरे जुळली तर काम सोपे होते. जुळली नाहीत तर कुळाच्या खुणेचे ऐकायचे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. प्राणिशास्त्राच्या हिशेबात टोड हाही बेडूकच आहे. शेपूट नसलेल्या सगळ्या उभयचरांचा एकच गण आहे, त्याला ॲन्युरा म्हणतात. या गणातल्या अनेक कुळांपैकी ब्युफोनिडी या एका कुळातले प्राणी म्हणजे खरे टोड. मराठी विज्ञानलेखनात त्यांना भेक म्हणतात, आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे. महाराष्ट्रात घराच्या आसपास दिसणारा भेक बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो : डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. त्याच्या प्रजातीचे नाव उभयचरांचे भारतीय अभ्यासक सुशील कुमार दत्ता यांच्यावरून ठेवलेले आहे. गाव असो की शहर, शेत असो की बाग, तो सगळीकडे आढळतो. म्हणून ही एक जात नीट ओळखता आली की पावसाळ्यातल्या बहुतेक फोटोंचा प्रश्न सुटतो.

कातडी : कोरडी की ओली, हे विचारू नका

भेकाची कातडी कोरडी आणि खडबडीत, बेडकाची ओली आणि गुळगुळीत, असे शाळेच्या पुस्तकात असते. ढोबळमानाने ते खरेही आहे. भेकाची कातडी जाड असते, त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी हळू कमी होते आणि तो पाण्यापासून दूर राहू शकतो. पाणी तो तोंडाने पीत नाही. ओल्या मातीवर बसून पोटाच्या मागच्या भागाच्या पातळ कातडीतून शोषून घेतो. कुंडीखालच्या ओलाव्यात तो दिवसभर बसलेला सापडतो त्याचे हे एक कारण आहे.

पण फोटोत कोरडेपणा दिसत नाही. पावसात भिजलेला भेक बेडकाइतकाच चकाकतो, आणि वाळलेल्या चिखलाने माखलेला बेडूक भेकासारखा मळकट दिसतो. म्हणून ओलेपणा सोडून द्यावा आणि पृष्ठभागावर काय उगवले आहे ते पाहावे. आपल्या भेकाच्या पाठीवर लहानमोठे गोल फोड असतात. ते एकमेकांपासून सुटे असतात, सरळ रांगेत नसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच फोडांच्या टोकाला काळा, कठीण ठिपका असतो. आपल्या नखांत असते तेच केराटिन त्या टोकांत असते. फोटो मोठा करून पाहिला तर ही काळी टोके स्पष्ट दिसतात. मेलॅनोस्टिक्टस या नावाचा अर्थही काळ्या ठिपक्यांचा असाच आहे.

बेडकाच्या पाठीवरही उंचवटे असतात, पण त्यांची मांडणी वेगळी असते. इंडियन बुलफ्रॉग म्हणजे आपल्याकडचा सर्वांत मोठा बेडूक. त्याच्या पाठीवर डोक्याकडून मागे जाणाऱ्या लांबट, तुटक वळ्या असतात. भातखाचरात दिसणाऱ्या लहान क्रिकेट फ्रॉगच्या पाठीवरही अशाच आखूड उभ्या रेघा दिसतात. पन्हळीवर किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर चिकटलेला झाडबेडूक मात्र पाठीकडून खरोखर गुळगुळीत असतो. थोडक्यात, सुटे गोल फोड दिसले तर भेकाकडे झुकावे, आणि लांबीच्या दिशेने जाणाऱ्या वळ्या किंवा गुळगुळीत पाठ दिसली तर बेडकाकडे.

फ्लॅश टाकून काढलेला फोटो असेल तर आणखी एक मदत होते. गुळगुळीत ओल्या पाठीवर फ्लॅशचा उजेड मोठ्या, सलग पट्ट्यात परावर्तित होतो. भेकाच्या पाठीवर तोच उजेड फुटून प्रत्येक फोडावर एक बारीक पांढरा ठिपका दिसतो. रंग मात्र कशालाच उपयोगी पडत नाही. पावसाच्या सुरुवातीला बुलफ्रॉगचे नर लिंबासारखे पिवळे होतात आणि त्यांच्या गळ्याजवळच्या आवाजाच्या पिशव्या निळ्या दिसतात. त्यांचे फोटो दर वर्षी फिरतात. पण विणीच्या दिवसांत आपल्या भेकाचे नरही पिवळसर होतात. त्यामुळे डबक्यातला पिवळा प्राणी दोघांपैकी कुणीही असू शकतो.

कातडीची खूण कुठे फसवते तेही माहीत असावे. विहिरीत आणि तळ्यात डोळे वर काढून तरंगणारा, हाकलला की पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारत जाणारा एक राखाडी-हिरवट बेडूक सगळ्यांनी पाहिलेला असतो. इंग्रजीत त्याला स्किटरिंग फ्रॉग म्हणतात. त्याच्या पाठीवर बारीक फोड असतात. नुसती कातडी पाहणारा त्याला भेक म्हणून बसतो. त्याच्या मागच्या पायांकडे पाहिले की शंका फिटते, कारण बोटांमधला पडदा जवळजवळ टोकापर्यंत पोहोचलेला असतो. पाण्यात जगणाऱ्याचे ते पाय असतात.

मागचे पाय : लांबी मोजता येते

बेडूक लांब उडी मारतो, भेक आखूड उड्या मारतो आणि बराचसा चालतो. फोटोत उडी दिसत नसली तरी उडीचे साधन दिसते. बसलेल्या बेडकाचा मागचा पाय वरून पाहिला तर तीन घड्यांत दुमडलेला असतो : मांडी पुढे येते, गुडघ्यापासून नडगी मागे जाते, आणि टाचेपासून लांब पाऊल पुन्हा पुढे येते. भरदार मांडी आणि लांब नडगी शरीराच्या बाजूला ठळक दिसतात. भेक बसलेला असतो तेव्हा मांडीचा बराच भाग पोटाच्या फुगीर बाजूखाली झाकला जातो. वरून गुडघ्याचा बोथट कोपरा आणि थोडेसे पाऊल तेवढे दिसते.

नजरेचा भरवसा वाटत नसेल तर मोजावे. फोटो बरोबर वरून काढलेला असेल तर पडद्यावर नाकाच्या टोकापासून पाठीच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर पट्टीने घ्यावे. मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत नडगीची लांबी घ्यावी. नडगी शरीराच्या निम्मी किंवा त्याहून लांब भरली तर तो उड्या मारणारा बेडूक असण्याची शक्यता फार मोठी. ती साधारण दोन-पंचमांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी भरली तर तो आखूड पायांचा प्राणी आहे. भेक या गटात येतो. या दोन्हींच्या मध्ये आकडा आला तर पायांवरून निर्णय करू नये. खरा आकार किती हे या मापासाठी माहीत असावे लागत नाही, कारण आपण एका लांबीची दुसरीशी तुलना करत असतो.

या मापाला दोन मर्यादा आहेत. पहिली कॅमेऱ्याची. मोबाइलची भिंग जवळच्या वस्तू फुगवून दाखवते. समोरून आणि जवळून काढलेल्या फोटोत डोके मोठे येते आणि मागचे पाय आक्रसतात, त्यामुळे लांब पायांचा बेडूकही आखूड पायांचा वाटतो. तिरक्या फोटोवर म्हणून हे माप घेऊच नये.

दुसरी मर्यादा निसर्गाची आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. पाय आखूड असण्यासाठी भेकच असावे लागते असे नाही. जमिनीत स्वतःला पुरून घेणाऱ्या बेडकांचे पायही आखूड आणि दणकट असतात. वर्षाचे कोरडे महिने ते मातीखाली काढतात. मागच्या पावलांनी माती उकरत ते पाठमोरे खाली जातात, आणि त्या कामाला लांब नडगीचा उपयोग नसतो. त्यांचे शरीरही गोल, तुंदिल असते. फोटोवरून भेक म्हणून सर्वांत जास्त वेळा चुकीचा ओळखला जातो तो याच गटातला बेडूक. त्याला ओळखण्यासाठी तिसरी खूण लागते.

डोळ्यामागची ग्रंथी

आपल्या भेकाच्या प्रत्येक डोळ्याच्या मागे, खांद्याच्या वरच्या बाजूला, एक लांबट फुगवटा असतो. आकाराने तो राजम्याच्या दाण्यासारखा असतो. ही पॅरोटॉइड ग्रंथी. ती जोडीने असते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. शेजारच्या फोडांपेक्षा ती कितीतरी मोठी असते आणि तिला स्पष्ट कड असते. नीट पाहिले तर तिच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात.

वास्तविक ही कातडीतल्या विषारी ग्रंथींचीच गर्दी आहे. उभयचरांच्या कातडीत दोन प्रकारच्या ग्रंथी असतात : काही कातडी ओलसर ठेवतात, तर काही शत्रूला त्रासदायक ठरणारी रसायने तयार करतात. भेकात दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी डोळ्यामागे दाटीने एकत्र आल्या आहेत. ती जागाही नेमकी आहे. पळून जाण्याइतके लांब पाय नसलेल्या या प्राण्याला कुत्र्याने किंवा मुंगसाने मानेजवळ पकडले की दातांखाली आधी हीच ग्रंथी दाबली जाते आणि छिद्रांतून दुधासारखा पांढरा, चिकट स्राव बाहेर येतो. त्यातली ब्युफाडायनोलाइड नावाची रसायने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. शिजवल्यानेही हे विष जात नाही. आशियात काही ठिकाणी बेडूक समजून भेक खाल्ल्यामुळे माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

नुसता भेक पाहिल्याने किंवा त्याच्या जवळून गेल्याने मात्र काही होत नाही. तो माणसावर विष उडवत नाही. त्याला हात लावल्याने चामखीळही येत नाही, कारण माणसाच्या चामखिळी एका विषाणूमुळे होतात आणि त्या विषाणूचा भेकाशी संबंध नाही. हात लागलाच तर साबणाने धुवावा आणि तोपर्यंत डोळ्यांना लावू नये, एवढी काळजी पुरते. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि त्याच्या तोंडाला फेस येऊ लागला, तर ओल्या फडक्याने हिरड्या पुसाव्यात, तोंडातून पाणी बाहेर वाहील अशा बेताने धुवावे आणि लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. अशा वेळी भेकाचा फोटो काढून ठेवला असेल तर डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

फोटोत ही ग्रंथी शोधताना तीन गोष्टींशी तिची गल्लत होते.

पहिली म्हणजे कानाचा पडदा. बेडकांना बाहेरचा कान नसतो. डोळ्याच्या मागे, थोडा खालच्या बाजूला, कातडीत बसवलेला गोल, सपाट पडदा असतो. बुलफ्रॉगमध्ये तो फार ठळक दिसतो आणि अनेकांना तीच ग्रंथी वाटते. फरक असा की कानाचा पडदा सपाट आणि गोल असतो, तर ग्रंथी फुगीर आणि लांबट असते. आपल्या भेकात दोन्ही असतात, पडदा खाली आणि ग्रंथी त्याच्या मागे-वर. एकाच फोटोत दोन्ही सापडले तर शंकेला जागा राहत नाही.

दुसरी म्हणजे डोळ्यापासून खांद्यापर्यंत उतरणारी कातडीची घडी. ती पुष्कळ बेडकांत असते. कानाच्या पडद्याच्या वरून ती वाकत जाते आणि बाजूने उजेड पडला की तिच्या सावलीमुळे तिथे फुगवटा असल्याचा भास होतो. घडी अरुंद असते, दोरीसारखी एका रेषेत जाते. ग्रंथीला रुंदी असते. तिच्यावर छिद्रे असतात, घडीवर नसतात.

तिसरी म्हणजे पाठीच्या कडेची लांब पट्टी. ओढ्याकाठच्या काही बेडकांत डोळ्याच्या मागून निघून थेट कमरेपर्यंत जाणारी ग्रंथींची उंच कड असते. हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा हा सह्याद्रीतला बेडूक याचे चांगले उदाहरण आहे. ती खरोखर ग्रंथींचीच बनलेली असते, पण भेकाची ग्रंथी खांद्याजवळ संपते आणि ही पट्टी पूर्ण पाठ ओलांडून जाते. म्हणून उंचवटा कुठे सुरू होतो यापेक्षा तो कुठे संपतो ते पाहावे.

ग्रंथीच्या जोडीला आपल्या भेकाच्या डोक्यावर आणखी एक खूण आहे आणि ती फोटोत छान येते. त्याच्या डोळ्यांभोवती आणि नाकाच्या दिशेने हाडांचे उंच कंगोरे असतात आणि त्यांची धार काळी असते. डोळ्याला कुणी काळ्या शाईने चौकट आखल्याचा भास होतो. समोरून काढलेल्या फोटोत ग्रंथी झाकली गेली तरी हे कंगोरे दिसतात. काळे कंगोरे आणि मागे लांबट ग्रंथी ही जोडी आपल्या घराजवळच्या दुसऱ्या कुठल्याही बेडकात सापडत नाही.

एक फोटो, पायरीपायरीने

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा पुण्याजवळच्या एखाद्या घरातून जूनमध्ये रात्री काढलेला फोटो आला आहे. फरशीवर मातकट तपकिरी रंगाचा, गोल शरीराचा प्राणी बसला आहे. नाक बोथट आहे, अंग फुगीर आहे, पाय जवळजवळ दिसत नाहीत. पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण याला भेक म्हणतील.

कातडीपासून सुरुवात करू. पाठीवर बारीक दाणे आणि काही लहान उंचवटे आहेत, पण फोटो मोठा केला तरी काळ्या टोकांचे सुटे फोड दिसत नाहीत. उजेड पाठीवर बऱ्यापैकी सलग पसरला आहे. हा पुरावा भेकाच्या बाजूने कमकुवत आहे, पण विरुद्धही पुरेसा नाही. कातडीवरून निर्णय झाला नाही.

मग पाय पाहू. फोटो वरून काढलेला आहे, म्हणून मोजता येते. नडगी शरीराच्या दोन-पंचमांशाच्या आसपास भरते. म्हणजे पाय आखूड आहेत. नुसते पायांचे ऐकले तर हा भेक ठरेल. पण आखूड पाय दोन गटांत असतात हे आपल्याला माहीत आहे, म्हणून थांबायचे.

आता डोळ्यामागे जाऊ. डोळ्यांभोवती काळे कंगोरे नाहीत, दोन डोळ्यांमधले डोके सपाट आहे. डोळ्याच्या मागे एक अरुंद घडी खांद्याकडे वळताना दिसते. रुंद, लांबट, छिद्रे असलेला फुगवटा दोन्ही बाजूंना नाही. इथे निकाल लागतो. प्राणी पूर्ण वाढलेला आहे आणि त्याला पॅरोटॉइड ग्रंथी नाही, म्हणजे हा आपला अंगणातला भेक नव्हे.

निकाल पक्का करायला शेवटी मागचे पाऊल पाहावे. मातीत पुरून घेणाऱ्या बेडकाच्या मागच्या पावलाच्या आतल्या कडेला, पहिल्या बोटाच्या बुडाशी, एक मोठा, कठीण, धारदार कडेचा उंचवटा असतो. हे त्याचे उकरण्याचे हत्यार. बाजूने घेतलेल्या दुसऱ्या फोटोत तो दिसला तर हा स्फेरोथेका या गटातला बेडूक असल्याचे म्हणता येते. या गटातल्या स्फेरोथेका पश्चिमा या जातीचे वर्णन 2017 साली पुणे जिल्ह्यातल्या नमुन्यांवरून झाले. फक्त फोटोवरून जातीपर्यंत जाण्याचा आग्रह धरू नये, कारण या गटातल्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. पण प्रश्न बेडूक की भेक एवढाच होता, आणि त्याचे उत्तर मिळाले.

या उदाहरणात कातडीने काही ठरवले नाही आणि पायांनी चुकीच्या दिशेने नेले. दोन्ही खुणा खोट्या नव्हत्या. आखूड पाय आणि गोल अंग जमिनीवर राहण्याची, उकरण्याची, कमी पळण्याची गोष्ट सांगत होते, आणि अशी राहणी भेकानेही स्वीकारली आहे, या बेडकानेही. दोन वेगळ्या कुळांतले प्राणी सारख्या परिस्थितीत सारखे दिसू लागतात. विषाची जोड-ग्रंथी मात्र राहणी सारखी झाली म्हणून आपोआप येत नाही.

फोटो काढायचा कसा

ओळख चुकते तेव्हा बऱ्याचदा दोष फोटोत असतो. एका फोटोऐवजी तीन काढावेत. एक बरोबर वरून, म्हणजे पायांचे माप घेता येईल. एक बाजूने, प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवर मोबाइल नेऊन, म्हणजे डोळा, कानाचा पडदा आणि ग्रंथी एका ओळीत दिसतील. एक मागच्या पावलाचा, बोटे आणि पडदा दिसेल असा. ग्रंथी सपाट उजेडात कातडीत मिसळून जाते, म्हणून शक्य असेल तर फ्लॅश बंद ठेवून बाजूने टॉर्चचा मंद उजेड द्यावा. उंचवट्याची सावली पडली की त्याचा आकार उठून दिसतो. मोबाइल फार जवळ न नेता थोडे मागे राहून झूम केले तर प्रमाणही बिघडत नाही. प्राण्याला उचलू नये, हलवू नये. आकार कळण्यासाठी एखादे नाणे थोड्या अंतरावर ठेवले तरी पुरते.

फोटो पाठवतानाही एक काळजी घ्यावी. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो आणि फोडांवरची काळी टोके, ग्रंथीवरची छिद्रे नाहीशी होतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ तपशील टिकतो.

ग्रंथी नाही म्हणजे बेडूकच, असे नेहमी नसते

सगळ्यात मजबूत खुणेलाही हद्द आहे. जुलै-ऑगस्टमध्ये डबक्यातून नुकतीच बाहेर पडलेली भेकाची पिल्ले जेमतेम एक सेंटिमीटरची, काळसर असतात आणि मोठ्या संख्येने ओल्या जमिनीवर फिरतात. त्यांच्या डोक्यावर कंगोरे उठलेले नसतात आणि ग्रंथीही दिसण्याजोगी झालेली नसते. इतक्या लहान पिल्लाच्या फोटोवरून कुळ ठरवू नये.

सह्याद्रीच्या जंगलात हिशेब आणखी बदलतो. तिथे झाडांवर राहणारा भेकही आहे, पेडोस्टायबस ट्युबरक्युलोसस नावाचा. त्याच्या बोटांची टोके झाडबेडकासारखी रुंद असतात. बोटांवरून त्याला झाडबेडूक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. आंबोलीच्या जांभ्या सड्यावर झँथोफ्रायनी टायग्रिना हा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा छोटा भेक राहतो. तोही ब्युफोनिडी कुळातलाच आहे, आणि जगातून नाहीसा होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचा क्रम सर्वांत वरच्या गटात लागतो. असे प्राणी अंगणातल्या नियमाने ओळखू नयेत. ठिकाण, उंची आणि वेळ लिहून फोटो अभ्यासकांना दाखवावा.

दूरच्या देशांत तर ग्रंथी असूनही प्राणी भेक नसतो असे घडते. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकाच्या डोळ्यामागे मोठी पॅरोटॉइड ग्रंथी असते आणि तो ब्युफोनिडी कुळातला नाही. म्हणून इथे सांगितलेली पद्धत आपल्या प्रदेशातल्या पूर्ण वाढलेल्या प्राण्यांसाठी आहे, हे लक्षात ठेवावे.

चूक कुणाच्या जिवावर बेतते

ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण पुढे नेले तर ओळखीची किंमत समजते. 1935 साली उसाच्या किडीचा बंदोबस्त करण्यासाठी क्वीन्सलंडमध्ये केन टोड सोडण्यात आले. त्या खंडात मुळात एकही भेक नव्हता, त्यामुळे तिथल्या अनेक भक्षकांना हे विष झेपले नाही. केन टोड पसरत गेले आणि लोक त्यांना मारू लागले. पण खडबडीत दिसेल तो टोड, अशा समजुतीने स्थानिक बेडूकही मारले गेले. म्हणून तिथे लोकांना सांगितले जाते की आधी खांद्यावरची मोठी ग्रंथी आणि डोळ्यांवरचे हाडांचे कंगोरे पाहा, आणि ओळख पटल्याशिवाय प्राण्याला हात लावू नका.

मादागास्करमध्ये हीच गोष्ट आपल्या ओळखीच्या प्राण्याच्या बाबतीत घडली. त्या बेटावरही मूळचा भेक नाही. 2014 साली तोआमासिना या बंदराच्या परिसरात डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस पसरल्याचे जाहीर झाले. त्याला खाऊ शकणाऱ्या तिथल्या सापांना आणि इतर प्राण्यांना या विषाची सवय नाही. आशियात साप आणि भेक लाखो वर्षे शेजारी राहत आले आहेत, मादागास्करमध्ये नाही. तिथल्या माणसाने काढलेल्या फोटोत काळे कंगोरे आणि लांबट ग्रंथी दिसली, तर तो परका प्राणी त्या गावापर्यंत पोहोचला असे समजते.

आपल्याकडे भेक परका नाही. रात्रभर मुंग्या, वाळवी, झुरळे टिपणारा तो घरचा रहिवासी आहे, आणि तो विषारी ठरला म्हणून त्याला हाकलण्याचे कारण नाही. उलट चूकही होऊ नये. भेक समजून मातीतल्या निरुपद्रवी बेडकाला मीठ टाकून किंवा झाडूने मारून हाकलले जाते, तेव्हा त्याच्या वर्षातल्या मोजक्या विणीच्या रात्रींपैकी एक वाया जाते. पहिल्या पावसानंतर तो जमिनीवर येतो तो जोडीदारासाठी आणि पाण्यासाठी.

म्हणून पुढच्या फोटोवर उत्तर देण्याआधी क्रम उलटा करावा. आधी डोळ्यामागे पाहावे, मग डोक्यावरचे कंगोरे, त्यानंतर पाठीवरचे फोड आणि शेवटी पाय. आणि फोटोत डोळ्यामागची जागाच दिसत नसेल, तर नाव सांगण्याऐवजी बाजूने काढलेला दुसरा फोटो मागावा.